टाचणीने खोडलेली ओळ

टाचणी आमच्या ऑफिसात मृत्युपत्र करायला आली, तेव्हासुद्धा तिच्या ओठांत तीन टाचण्या होत्या. दुकानातून तशीच उठून आली होती. वकीलसाहेबांच्या टेबलावर तिने त्या एकेक काढून ठेवल्या आणि म्हणाली, "मला मरायचं नाहीये. पण डॉक्टर म्हणतात हृदयाचा व्हॉल्व्ह बदलायचा, दोन महिन्यांत. तर एक कागद करून टाका. साधा. फार नखरे नकोत."

मी त्या ऑफिसातली टायपिस्ट. एकतीस वर्षं लोकांची मरणं टाइप करतेय, आणि एकाही माणसाने मला बरं वाटेल असं मृत्युपत्र केलेलं नाही. कोणी लिहितो, 'माझ्या लाडक्यांना सगळं सारखं.' लाडके कोण ते लिहीत नाही. मग ते लाडके पुढची बारा वर्षं आमच्या बाकावर एकमेकांकडे पाठ करून बसतात. टाचणीचं तसं होऊ नये असं मला मनापासून वाटत होतं, कारण माझे ब्लाउज तीच शिवायची.

तर ही टाचणी कोण ते आधी सांगते. लेडीज टेलर. औषधाच्या दुकानाला लागून तिचा गाळा, आत तीन मशीन, एक मोठं कापायचं टेबल, आणि पडदा लावून केलेली ट्रायलची जागा, ज्यात एक बाई जेमतेम मावते आणि दोन मावल्या तर भांडण होतं. नवरा गेला तेव्हा मुलगी दोन वर्षांची होती. लोक सांत्वनाला आले, तर हिने त्यातल्या दोघींच्या ड्रेसचे खांदे किती वाकडे आहेत ते सांगितलं आणि पुढच्या आठवड्यात दोघींचं काम मिळवलं. तोंडाचा पट्टा असा, की गिऱ्हाईक पैसे देऊन बोलणी खायला यायचं. "ताई, हे माप तुमचं नाही, तुमच्या लग्नातलं आहे," हे मला तिने भर दुकानात ऐकवलंय. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण ब्लाउज काय बसला म्हणता!

तिची एक सवय होती. प्रत्येक कपड्यात आत दोन बोटं जास्तीचं कापड सोडायची. "माणूस आहे, वाढतं, सुकतं. उसवता आलं पाहिजे," म्हणायची. दिलेला कपडा परत आला की फटकन उसवायचा, फटकन घालायची शिवण. गिऱ्हाईक बाहेर चहा पिऊन येईपर्यंत काम तयार.

हाच कारभार तिने मृत्युपत्रात सुरू केला.

"मुलगी नऊ वर्षांची आहे," वकीलसाहेब म्हणाले. "वडील नाहीत. तुमचं काही बरंवाईट झालं तर तिचा पालक कोण?"

"लिहा, ज्याच्याकडे तिचं मन रमेल तो."

"हे कोण ठरवणार?"

"तेव्हा बघतील की."

"कोण बघतील? तुम्ही नसणार."

टाचणीला हे पटेना. आपण नसू ही गोष्ट तिच्या डोक्यात शिरतच नव्हती. ती म्हणाली, "जरा सैल ठेवा हो साहेब. उद्या काही बदलावंसं वाटलं तर?"

वकीलसाहेब शांत माणूस. मी नाही. मी टाइपरायटरवरूनच ओरडले, "अगं, सैल ठेवलंस तर त्यात तुझे सगळे नातेवाईक मावतील! एक नाव सांग."

तिने दादाचं नाव सांगितलं. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ, नळ-पाइपांचा व्यापारी, आवाज असा की समोरच्याला वाटावं, कुठेतरी मोठा पाइप फुटलाय. त्याच्याकडे तीन खोल्यांचं घर, गच्ची, गाडी. "रक्ताचा आहे," ती म्हणाली. "दुसरं कोणाचं नाव घातलं तर लोक म्हणतील, सख्खा भाऊ असून हिला परका सापडला." हे बोलताना तिची नजर टेबलावरच्या टाचण्यांवर होती. मला तेव्हाच कळायला हवं होतं. नाही कळलं.

बाकीचं सरळ होतं. घर आणि गाळा मुलीला. ती अठराची होईपर्यंत गाळा भाड्याने द्यायचा आणि त्यातून तिचं शिक्षण, खाणंपिणं, दवाखाना. काजाची मशीन काजवालीला. ही काजवाली म्हणजे टाचणीच्या दुकानात बारा वर्षं काज-बटण आणि हातशिलाई करणारी बाई, टाचणीपेक्षा चार वर्षांनी मोठी. दुकानामागच्या गल्लीत एका खोलीत एकटी राहायची. टाचणीची मुलगी तिला मावशी म्हणायची; शाळेतून सुटली की तिच्याकडेच जेवायची, तिच्याकडेच झोपायची, गृहपाठाच्या नावाने तिच्याकडेच टंगळमंगळ करायची. 'इतर जे काही उरेल ते' हेही मुलीला, म्हणजे पुढे एखादी वस्तू निघाली तर तिच्यावरून डोकी फुटायला नकोत.

"आणि एक्झिक्युटर?" साहेब म्हणाले. "म्हणजे तुमच्या मागे हे सगळं लिहिल्याप्रमाणे पार पाडणारं माणूस. प्रामाणिक हवं, आणि चिवट हवं."

टाचणीने माझ्याकडे बोट केलं. "ह्या. ह्यांनी एका हुकासाठी मला चार चकरा मारायला लावल्यात."

अशी मी एक्झिक्युटर झाले. मानधन शून्य.

सहीच्या दिवशी मी औषधवाला आणि झेरॉक्सवाला असे दोघे साक्षीदार बोलावले. दोघांना एकाच वेळी समोर उभं केलं, टाचणीने प्रत्येक पानावर सही केली, दोघांनी ती करताना पाहिली, मग तिच्यासमोर त्यांनी केली. काजवाली हौसेने पेन घेऊन पुढे आली होती. मी तिचा हात मागे सारला. "तुला त्यात मशीन मिळतेय. ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार व्हायचं नसतं. दिलेलं हातचं जायचं." ती म्हणाली, "मला मशीन मिळतेय?" आणि तिथल्या तिथे रडायला लागली. टाचणी म्हणाली, "रडू नकोस, मी अजून मेले नाहीये. आणि त्या मशीनचा पट्टा ढिला आहे."

टाचणीने मूळ कागद दुकानाच्या खणात ठेवला आणि एक झेरॉक्स दादाला पाठवून दिली. मी म्हटलं चला, एक माणूस तरी शहाण्यासारखं वागलं.

कसलं काय! सहा आठवड्यांनी मी ट्रायलला गेले. पडद्याआड एक हात वर करून उभी, टाचणी माझ्या काखेत खडूने रेघ मारतेय, आणि तोंडातल्या टाचण्या न काढता ती सहज म्हणाली, "ताई, तो कागद मी जरा आल्टर केला."

"कोणता कागद?"

"मरायचा."

मी अर्धवट टाचलेल्या ब्लाउजात बाहेर आले. तिने खणातून मृत्युपत्र काढून माझ्यासमोर धरलं. पालकाच्या कलमात दादाच्या नावावर निळ्या पेनाने एक सरळ रेघ, पट्टी लावून मारलेली, आणि बाजूच्या समासात तिच्या त्या वळणदार अक्षरात: 'नको. आमची काजवाली.' खाली तिची एकटीची सही.

मी कपाळावर हात मारला. एक टाचणी दंडात घुसली.

"हे काय केलंस?"

"बदललं. दादा आला होता परवा. मुलीला जवळ घेतलं नाही, काही नाही. गाळ्याची लांबी-रुंदी विचारली आणि म्हणाला, हिला आपण चांगल्या हॉस्टेलला घालू. नऊ वर्षांच्या पोरीला, ताई! ती अजून झोपेत हात शोधते. मी रात्रभर विचार केला, आणि उसवलं."

"अगं बाई, हा कागद आहे, बाही नाही!" माझा आवाज औषधवाल्यापर्यंत गेला असणार. "सही झाल्यावर खोडलेलं कायद्याला दिसतच नाही. बदल करायचा तर पहिल्यासारखीच तुझी सही आणि दोन साक्षीदारांची सही, त्या बदलापाशी. ते नाही केलं तर ही रेघ म्हणजे नुसती रेघ. खालचं नाव अजून वाचता येतंय, म्हणजे तेच नाव चालणार. तू आज गेलीस तर मुलगी दादाकडे."

टाचणीने ओठांतल्या टाचण्या काढल्या. आणि मग ती म्हणाली, "ताई, मला आज दुपारी ॲडमिट व्हायचंय. ऑपरेशन पुढे आणलंय. उद्या सकाळी."

ब्लाउज तसाच अंगावर, वरून ओढणी गुंडाळून मी ऑफिसात धावले. साहेब परगावी कोर्टात. फोनवर म्हणाले, "त्या खोडलेल्या कागदाला ठिगळं लावत बसू नका. पूर्ण नवीन करा. 'यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे मी रद्द करते' हे वर घाला, तारीख घाला, आणि बाकी जसंच्या तसं. साध्या कागदावर चालेल. आणि डॉक्टरांकडून दोन ओळी घ्या, की बाई शुद्धीत आहेत आणि त्यांना समजतंय."

मी टाइप करायला बसले. पालकाच्या कलमापर्यंत आले आणि बोटं थांबली. काजवालीचं पूर्ण नाव काय? मशीनच्या कलमात 'माझ्या दुकानात काज करणारी बाई' एवढ्यावर भागलं होतं, पालकाला ते चालणार नव्हतं. टाचणीला फोन लावला. ती म्हणाली, "काजवाली."

"अगं, कागदावर 'काजवाली' लिहिलं तर शहरातल्या निम्म्या बायका हक्क सांगतील! पूर्ण नाव, वय, पत्ता."

मग बारीक आवाजात, "मला नाही माहीत."

बारा वर्षं! मला इतका राग आला की तो कोणावर काढावा ते कळेना. मी गल्लीत गेले. काजवाली आपल्या खोलीच्या दारात मुलीच्या गणवेशाची घडी उसवत बसली होती. मुलगी आत पालथी पडून वहीत काहीतरी खरडत होती. मी म्हटलं, "तुझं ओळखपत्र दे. मृत्युपत्रात तुझं नाव पालक म्हणून घालायचंय."

"कोणाची पालक?"

मी आत बोट दाखवलं.

काजवालीने सुई कापडात खोचली, गणवेश बाजूला ठेवला. "मला कोणी विचारलं?"

तिचं नाव कागदावर घालायला तिची परवानगी लागत नाही, हे मला ठाऊक होतं. पण उद्या ती नको म्हणाली तर तिला कोणी जबरदस्तीही करू शकत नाही, हेही ठाऊक होतं. मग त्या कलमाला काय अर्थ उरला?

ती म्हणाली, "चला. मी येते. तिने मला तोंडावर विचारावं."

हॉस्पिटलात टाचणी पलंगावर बसून दिलेल्या गाऊनची शिवण तपासत होती. "हे बघा ताई, हातभर धागे सुटलेत. ह्यांच्याकडून हृदय शिवून घ्यायचं मी!"

काजवाली पलंगाशी जाऊन उभी राहिली. "माझं नाव लिहिलंस म्हणे."

"लिहिलं."

"कोणाला विचारून?"

"मी कोणाला विचारत नाही. मला सवय नाही."

"मग लाव सवय. मी थांबते."

शेजारच्या पलंगावरच्या म्हाताऱ्या बाईची सून सफरचंद कापता कापता थांबली. टाचणीने गाऊनचा सुटलेला धागा बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. मी एकतीस वर्षांत शेकडो लोक मरणाच्या दारात सह्या करताना पाहिलेत, पण माणसाला एक साधा प्रश्न इतका जड जाताना पाहिला नव्हता.

"सांभाळशील का गं तिला?" शेवटी ती म्हणाली.

"ऐक आधी," काजवाली म्हणाली. "माझी एकच खोली आहे. मला इंग्रजी येत नाही, अभ्यास शिकवणीवर जाईल. मी तिला ओरडणार. तू ओरडू देत नाहीस म्हणून ती शेफारलीय. आणि तिच्या मामाला मी दार बंद करणार नाही. ती त्याची भाची आहे."

"ओरड," टाचणी म्हणाली. "मारू नकोस फक्त."

"बारा वर्षांत मारलं का मी कोणाला? तुला मारावंसं वाटलं, तरी नाही मारलं." मग तिने पिशवीतून ओळखपत्र काढून माझ्या हातात दिलं. "घाला नाव. आणि माझ्यानंतर कोण, तेही घाला. माझं तरी काय सांगावं? दादालाच ठेवा दोन नंबरला."

मी कोऱ्या जागी नाव, वय, पत्ता हाताने न भरता परत ऑफिसात जाऊन अख्खं पान नवीन टाइप करून आणलं. होय, त्या अर्धवट ब्लाउजात. मी अशीच आहे. डॉक्टरांनी दोन ओळी लिहून दिल्या. साक्षीदार म्हणून सिस्टर आणि ती सफरचंदवाली सून. सिस्टरला सगळं वाचायचं होतं. मी म्हटलं, "वाचायचं नाही. ही बाई सही करतेय एवढं बघायचं, मग तिच्यासमोर आपली करायची, नाव-पत्ता लिहायचा." काजवाली पुन्हा पेनाकडे सरकली. मी पुन्हा तिचा हात मागे सारला.

सही झाल्यावर टाचणीने जुना कागद मागितला आणि टराटरा फाडला. ते तिला फार आवडलं.

ऑपरेशन छान झालं. पाचव्या दिवशी ती फोनवरून काजवालीला कॉलर उलटी लावल्याबद्दल बोलत होती. नवव्या दिवशी सकाळी दात घासता घासता खाली बसली आणि गेली. डॉक्टर म्हणाले, गुठळी. मी ऑफिसात टाइपरायटरवर डोकं ठेवून रडले. साहेबांनी दार लावून घेतलं. एवढं वाईट तोंड असलेल्या बाईसाठी इतकं रडू येईल असं मला वाटलं नव्हतं.

आठवड्याने दादा झेरॉक्स घेऊन ऑफिसात आला. काजवाली आणि मुलगी बाकावर बसल्या होत्या. "पालक मी आहे," त्याने तो कागद आपटला. "इथे माझं नाव आहे. स्वच्छ."

वकीलसाहेबांनी नवीन मृत्युपत्र त्याच्यासमोर ठेवलं. दादाने ते वाचलं. पहिली ओळ वाचली, तारीख वाचली, पालकाचं कलम वाचलं. मग पुन्हा पहिल्यापासून. बोट ठेवून वाचत होता, कुठे काही सुटलंय का बघत. काही सुटलेलं नव्हतं. ते मी टाइप केलं होतं.

"हे कोर्टात नेता येईल," तो म्हणाला.

"येईल," साहेब म्हणाले. "कोर्ट मुलीचं भलं कशात ते बघेल. तिलाही विचारेल."

दादा खुर्चीत बसला. त्याचा तो मोठा आवाज कुठे गेला कोण जाणे. "तिने मला एकदा तरी विचारायचं. तेव्हाही नाही विचारलं. झेरॉक्स पाठवून दिली. मी उघडून बघतो तर एक मुलगी! मला पोरींचं काय कळतं, साहेब? माझ्या घरात मूल कधी नव्हतंच. मी घाबरलो. म्हणून हॉस्टेल म्हणालो. आणि आता नाव काढलं, तेही न विचारता." त्याने रुमालाने नाक पुसलं. "मी काय एवढा वाईट आहे?"

मला त्याच्याबद्दल वाईट वाटलं, आणि स्वतःचा रागही आला, कारण ते नाव मी दोनदा टाइप केलं आणि दोन्ही वेळा मलाही हे सुचलं नाही.

मग मी मुलीकडे बघितलं. ती पाय हलवत बसली होती, कागदाकडे टक लावून. ह्या दोन महिन्यांत तिच्यासाठी सहा माणसांनी सह्या केल्या होत्या. मी उठले, तिच्यासमोर खाली बसले. गुडघे कडकडले.

"बाळा, तुला कुठे राहायचंय?"

तिने आधी दादाकडे पाहिलं, मग काजवालीकडे. तिचे ओठ घट्ट मिटलेले, अगदी आईसारखे.

"मावशीकडे," ती म्हणाली. "पण मामाला म्हणावं, रविवारी ये. मला गच्चीवर न्यायला."

दादा हुंदका देऊन रडायला लागला. काजवाली उठली, त्याला पाण्याचा ग्लास दिला, आणि म्हणाली, "रविवारी लवकर या. सकाळी तिचे केस धुवायचे असतात, मला एकटीला आवरत नाही."